सबस्क्रिप्शनच्या आकड्यांवरून ग्राहकाचं आजीवन मूल्य कसं काढावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासिक किंवा वार्षिक शुल्कावर चालणाऱ्या सेवांचे आकडे सांभाळणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत मुद्दाम रचलेलं एकच उदाहरण वापरलं आहे, म्हणजे एका उत्तरातला आकडा दुसऱ्याशी ताडून पाहता येईल. रक्कम कुठल्याही चलनात न देता 'महिन्यांचं शुल्क' या मापात दिली आहे. हे शुल्क सेवा देण्याचा खर्च वजा करून हाती उरणारं आहे असं धरा.

१. आजीवन मूल्य म्हणजे नेमकं काय मोजायचं?

आज आलेला एक नवा ग्राहक सोडून जाईपर्यंत सरासरी किती पैसे हाती ठेवेल, तो अंदाज म्हणजे आजीवन मूल्य. यात तीन गोष्टी येतात: दर महिन्याला हाती उरणारी रक्कम, ग्राहक किती महिने टिकेल, आणि पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत. पहिली गोष्ट हिशेबाच्या वह्यांतून मिळते आणि तिसरीसाठी एक दर ठरवावा लागतो (प्रश्न १२). दुसरी मात्र अंदाजानेच काढावी लागते, कारण बहुतेक ग्राहक अजून सोडून गेलेलेच नसतात. मोठ्या चुका इथेच होतात, म्हणून हे पान मुख्यतः त्याच गोष्टीबद्दल आहे.

ग्राहक मिळवण्यासाठी केलेला खर्च यातून वजा करू नका. तो वेगळा ठेवला तरच दोन्ही आकडे शेजारी मांडता येतात.

२. '१ भागिले गळती' हे सूत्र सगळीकडे दिलेलं असतं. ते चूक आहे का?

सूत्र बरोबर आहे, पण ते एका अटीवर उभं आहे: प्रत्येक ग्राहकाची दर महिन्याला सोडून जाण्याची शक्यता एकसारखी असली पाहिजे. ही शक्यता ५% असेल तर सरासरी आयुष्य २० महिने निघतं, आणि ते खरं असतं.

प्रत्यक्षात ही अट जवळजवळ कधीच पाळली जात नाही. कुणी एका कामापुरती सेवा घेतो आणि काम झालं की बंद करतो. कुणाच्या रोजच्या कामात ती इतकी मुरलेली असते की बंद करण्याचा विचारही त्याच्या मनात येत नाही. दोघांची मिळून सरासरी गळती काढली आणि ती सूत्रात घातली, की उत्तर कमी येतं. किती कमी येतं ते पुढच्या उत्तरात पाहू.

३. सरासरी घेतल्याने थोडाफार फरक पडेल हे समजतं, पण आकडा इतका चुकतो का?

हो. उदाहरण असं घ्या: एकाच महिन्यात १,००० ग्राहक आले. त्यांतले ५०० 'चंचल' आहेत, त्यांच्यातले ३०% दर महिन्याला सोडून जातात. उरलेले ५०० 'स्थिर' आहेत, त्यांच्यातले फक्त २% जातात. कोण कुठल्या गटातला आहे हे आपल्याला दिसत नाही.

पहिल्या नूतनीकरणाला चंचलांतले १५० आणि स्थिरांतले १० असे १६० जण जातात. दिसणारी गळती १६%. सूत्रानुसार आयुष्य १ ÷ ०.१६, म्हणजे ६.२५ महिने.

आता दोन्ही गटांचं आयुष्य वेगवेगळं काढा. चंचल ग्राहक सरासरी १ ÷ ०.३० म्हणजे ३.३ महिने टिकतो आणि स्थिर ग्राहक १ ÷ ०.०२ म्हणजे ५० महिने. गट निम्मे-निम्मे आहेत, म्हणून खरी सरासरी २६.७ महिने. सूत्राने दिलेला आकडा खऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे.

याचं कारण भागाकारात आहे. गळती ३०% वरून २९% झाली तर आयुष्य जेमतेम वाढतं. २% वरून १% झाली तर ते ५० वरून १०० महिन्यांवर जातं. म्हणजे आयुष्याची सरासरी मुख्यतः कमी गळतीचे लोक ठरवतात, तर गळतीची सरासरी मुख्यतः जास्त गळतीचे लोक ठरवतात. आधी सरासरी आणि मग भागाकार केला, तर ज्यांच्यामुळे मूल्य तयार होतं तेच लोक हिशेबात दबून जातात. ग्राहकांमध्ये जरा जरी फरक असेल तरी चूक याच दिशेने होते.

४. आमच्या जुन्या तुकड्यांची गळती महिन्यागणिक कमी होत जाते. म्हणजे ग्राहक हळूहळू निष्ठावान होत आहेत ना?

तसं असू शकतं, पण या एका पुराव्यावरून ते सिद्ध होत नाही. वरच्या १,००० जणांचं पुढे काय होतं ते पाहा:

| नूतनीकरण | उरलेले ग्राहक | त्या वेळची गळती |
|---|---|---|
| १ले | ८४० | १६.०% |
| २रे | ७२५ | १३.७% |
| ३रे | ६४२ | ११.५% |
| ६वे | ५०२ | ६.४% |
| १२वे | ३९९ | २.७% |

गळती १६% वरून २.७% वर आली आहे. तरीही या उदाहरणात एकाही ग्राहकाचा स्वभाव बदललेला नाही. चंचल शेवटपर्यंत ३०% नेच जात होते आणि स्थिर २% नेच. चंचल आधी गाळले गेले, एवढंच. बाराव्या नूतनीकरणानंतर उरलेल्या ३९९ जणांत चंचल फक्त सात आहेत.

हा फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. सहा महिने टिकलेले ग्राहक पुढे टिकतात असं पाहून नव्या लोकांना सवलत देऊन सहा महिने धरून ठेवण्याची योजना अनेक ठिकाणी आखली जाते. गळती निव्वळ गाळणीमुळे घटत असेल, तर सवलत संपताच हे लोक पूर्वीच्याच वेगाने जातील. सवयीने खरोखर निष्ठा वाढते का हे कळण्यासाठी यदृच्छेने निवडलेल्या काही ग्राहकांना सवलत द्यावी, बाकीच्यांना देऊ नये, आणि सवलत संपल्यानंतरची गळती दोन्ही गटांत ताडून पाहावी. फक्त टिकाव-आलेख पाहून हे ओळखता येत नाही.

५. आमच्या डॅशबोर्डवर सगळ्या चालू ग्राहकांची मिळून एक मासिक गळती दिसते. ती वापरली तर चालेल का?

या आकड्यात नव्या-जुन्या ग्राहकांचं प्रमाण मिसळलेलं असतं, म्हणून तो ग्राहकांच्या वागण्याइतकाच तुमच्या वाढीच्या वेगाबद्दलही बोलतो. पाठवलेल्या प्रश्नांमधला सगळ्यात जास्त गोंधळ इथलाच आहे, म्हणून जरा सविस्तर पाहू.

समजा सेवा नवी आहे आणि दर महिन्याला वरच्यासारखे १,००० ग्राहक येतात, निम्मे चंचल आणि निम्मे स्थिर. बारावी तुकडी आल्यावर चालू ग्राहक सुमारे ७,०२६ असतील. पुढच्या नूतनीकरणाला त्यांतले ६०१ जातील, म्हणजे ८.५५%. डॅशबोर्ड सांगेल: आयुष्य ११.७ महिने.

आता समजा खर्च वाचवण्यासाठी नवे ग्राहक आणणं सहा महिने पूर्ण थांबवलं. या काळात चंचल गळून जातात. सहा महिन्यांनी चालू ग्राहक ४,९६१ आणि पुढच्या महिन्यात जाणारे १५३, म्हणजे ३.१%. डॅशबोर्ड आता म्हणेल: आयुष्य ३२.३ महिने. सेवा तीच, ग्राहकांचा स्वभाव तोच, तरीही 'आजीवन मूल्य' जवळपास तिप्पट झालं. बैठकीत हा आकडा यश म्हणून मांडला जाईल. उलट जाहिरात वाढवलेल्या महिन्यांत हाच आकडा पडेल आणि उत्पादन बिघडल्याची चर्चा सुरू होईल. दोन्ही निष्कर्ष चूक असतील.

मग हा आकडा कधीच बरोबर नसतो का? एका स्थितीत असतो. दर महिन्याला तितकेच आणि तसेच ग्राहक इतका दीर्घकाळ येत राहिले, की येणारे आणि जाणारे सारखे झाले, तर आपल्या उदाहरणात २६,६६७ चालू ग्राहक असतील आणि दर महिन्याला १,००० जातील. गळती ३.७५% आणि आयुष्य २६.७ महिने, अगदी खऱ्याइतकं. पण या स्थितीला पोचायला फार वेळ लागतो. दर महिन्याला १,००० च्या ठरलेल्या वेगाने पाच वर्षं गेली तरी डॅशबोर्ड २२.६ महिन्यांवरच असेल. वाढत्या किंवा आक्रसणाऱ्या व्यवसायाला ही स्थिती लागूच होत नाही.

६. जे सोडून गेले त्यांचा सरासरी काळ तर नक्की माहीत असतो. तोच का घेऊ नये?

कारण आतापर्यंत गेलेले लोक हे लवकर जाणारेच लोक असतात. पहिल्या तुकडीत वर्षभरात ६०१ जण गेले आणि त्यांनी सरासरी ३.७ महिन्यांचं शुल्क भरलं. उरलेले ३९९ जण, ज्यांच्यात जवळपास सगळं भावी मूल्य साठलेलं आहे, या सरासरीत मोजलेच जात नाहीत.

'मग सगळ्यांना घेऊन आजपर्यंतचे महिने मोजतो' असा पुढचा प्रश्न येतो. त्याने ७.० महिने मिळतात. हा आकडा खरा आहे, पण तो पहिल्या बारा महिन्यांपुरता आहे. 'पहिल्या वर्षातलं मूल्य' असं नाव देऊन तो जरूर वापरा, तो फार उपयोगी आहे. त्याला आजीवन म्हणू नका.

अजून चालू असलेल्या ग्राहकाबद्दल आपल्याला अर्धीच माहिती असते: 'किमान इतके महिने टिकला'. संख्याशास्त्रात याला अपूर्ण निरीक्षण म्हणतात. अशी निरीक्षणं टाकून देणं जितकं चूक, तितकंच आजची तारीख ही त्यांची सोडून जाण्याची तारीख समजणंही चूक.

७. मग योग्य पद्धत कोणती? पायऱ्या सांगा.

एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ साली मांडलेली पद्धत इथे पुरेशी आहे. कल्पना साधी आहे: ग्राहकाच्या वयाच्या प्रत्येक महिन्याची गळती वेगळी काढायची आणि टिकण्याची प्रमाणं एकमेकांना गुणत जायची.

आधी प्रत्येक ग्राहकाची एक ओळ तयार करा. तीत पहिलं शुल्क भरल्याची तारीख, किती नूतनीकरणं झाली, आणि तो गेला की अजून चालू आहे, एवढंच लागतं. मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अशा प्रत्येक नूतनीकरणासाठी दोन संख्या मोजा: त्या नूतनीकरणापर्यंत किती जण पोचले आणि त्यांचा निकाल आज माहीत आहे, आणि त्यांतले किती गेले. ज्याची तिसऱ्या नूतनीकरणाची तारीखच अजून आली नाही, तो पहिल्या दोन ठिकाणी मोजला जातो आणि तिसऱ्या ठिकाणी मोजला जात नाही. अपूर्ण निरीक्षणाची अडचण एवढ्यानेच सुटते.

```python
S, months = 1.0, 0.0
for t in range(1, T + 1):
    months += S
    S *= 1 - left[t] / at_risk[t]
```

इथे `at_risk[t]` म्हणजे पोचलेले, `left[t]` म्हणजे गेलेले, `S` म्हणजे आतापर्यंत टिकलेलं प्रमाण. शेवटी `months` मध्ये पहिल्या `T` महिन्यांतलं सरासरी भरलेलं शुल्क मिळतं. आपल्या उदाहरणात `T = 12` ला ते ७.० येतं आणि `S` ०.३९९ वर थांबतं.

एक काळजी घ्या. पहिल्या नूतनीकरणाचा आकडा सगळ्या तुकड्यांमधून येतो, बाराव्याचा मात्र फक्त सर्वात जुन्या तुकडीतून. मधल्या काळात ग्राहक येण्याचा मार्ग, शुल्क किंवा उत्पादन बदललं असेल, तर आलेखाचा डावा भाग एका प्रकारच्या लोकांचा आणि उजवा भाग दुसऱ्याच लोकांचा होतो. हे तपासायला जुन्या आणि नव्या तुकड्यांचे आलेख वेगळे काढा आणि सारख्याच वयावर ताडून पाहा. तिसऱ्या महिन्यालाच ते एकमेकांपासून दूर जात असतील, तर जोडलेला आलेख वापरू नका.

८. आमच्याकडे जेमतेम वर्षभराचे आकडे आहेत. त्यापुढचं आयुष्य कसं धरायचं?

सर्वात सुरक्षित मार्ग म्हणजे मुदत ठरवणं. 'आजीवन' सोडून '२४ महिन्यांतलं मूल्य' काढा. पहिले बारा महिने पाहिलेल्या आकड्यांतून घ्या आणि पुढच्या बारा महिन्यांसाठी शेवटची दिसलेली गळती, आपल्या उदाहरणात २.७%, तशीच धरा. असं केल्यावर ११.२ महिन्यांचं शुल्क मिळतं. खरं उत्तर ११.३ आहे. अवघ्या वर्षाच्या माहितीवर हे फारच जवळचं आहे.

तीच २.७% गळती कायमची धरून पूर्ण आयुष्य काढलं तर २२ महिने मिळतात आणि खरे २६.७ आहेत. चूक अजून आहे, पण कमी बाजूला आहे, कारण गळती पुढेही थोडी घटणार होती. ग्राहक मिळवण्यावर किती खर्च करायचा हे ठरवताना कमी बाजूची चूक मला परवडणारी वाटते. गुंतवणूकदारांना किंवा वरिष्ठांना आकडा देताना मुदत त्याच वाक्यात सांगा. मुदतीशिवाय दिलेला आजीवन आकडा दुसऱ्याला तपासताच येत नाही.

शेवटच्या महिन्यात फार थोडे ग्राहक उरले असतील तर त्या एका महिन्याच्या गळतीवर विसंबू नका. शेवटच्या तीन महिन्यांतले गेलेले आणि पोचलेले एकत्र करून दर काढा.

९. ग्राहकांमधला फरक हिशेबात धरणारं एखादं सूत्र नाही का, म्हणजे पुढचा आलेखही काढता येईल?

आहे. पीटर फेडर आणि ब्रूस हार्डी यांनी २००७ साली सबस्क्रिप्शनसाठी एक सोपं प्रतिमान मांडलं. त्यात प्रत्येक ग्राहकाची गळती कायम एकच राहते, पण ग्राहकागणिक ती वेगळी असते आणि हा फरक बीटा वितरणाने मांडलेला असतो. `a` आणि `b` अशा दोनच संख्या लागतात आणि `t` व्या नूतनीकरणाची गळती अशी येते:

```
churn(t) = a / (a + b + t - 1)
```

याचा एक छान परिणाम असा, की गळतीचा व्यस्त, म्हणजे १ ÷ गळती, वयाबरोबर सरळ रेषेत वाढतो. समजा गळती अनुक्रमे २०%, १६%, १३.३%, ११.४% दिसली. व्यस्त घेतले तर ५, ६.२५, ७.५, ८.७५. प्रत्येक पायरी १.२५ ची, म्हणून `a` = १ ÷ १.२५ = ०.८. पहिला व्यस्त ५, म्हणजे `a + b` = ५ × ०.८ = ४ आणि `b` = ३.२. खऱ्या कामात हे कमाल संभाव्यता पद्धतीने काढावं, पण कागदावरची ही तपासणी आधी करून पाहाच. बिंदू रेषेत बसत नसतील तर प्रतिमान तुमच्या ग्राहकांना लागू नाही. आपल्या मुख्य उदाहरणात ते बसत नाहीत, कारण तिथे दोन ठळक गट आहेत, सलग पसरलेला फरक नाही.

आता यातला सापळा. या प्रतिमानात पूर्ण आयुष्याची सरासरी `(a + b - 1) / (a - 1)` अशी येते, आणि तीही `a` एकापेक्षा जास्त असेल तरच. वरच्यासारखा ०.८ असेल तर सरासरी अनंत होते. सूत्रात तशाच किमती घातल्या तर ऋण १५ असं निरर्थक उत्तर येतं. आकडेमोड चुकलेली नसते. प्रतिमान असं मानतं, की जवळजवळ शून्य गळतीचे काही ग्राहक आहेत आणि ते कायम राहतील. म्हणून मुदत ठरवा (प्रश्न ८) किंवा भावी पैशाची किंमत घटवा (प्रश्न १२). दोन्हींपैकी काहीही केलं तरी उत्तर मर्यादित येतं.

१०. सरासरी फसवते तर मध्यक वापरू का?

मध्यक सांगतो की निम्मे ग्राहक किती काळात जातात. आपल्या उदाहरणात ते जवळपास सहा महिन्यांत घडतं. ग्राहकांना कधी संपर्क करायचा हे ठरवायला हा आकडा चांगला आहे. पण एकूण पैसे म्हणजे ग्राहकसंख्या गुणिले सरासरी, ग्राहकसंख्या गुणिले मध्यक नव्हे. मूल्यासाठी सरासरीच लागते. ती गळतीची सरासरी नसावी, टिकलेल्या महिन्यांची असावी, एवढाच आग्रह आहे.

११. आमच्याकडे मासिक आणि वार्षिक दोन्ही योजना आहेत. एकत्र हिशेब केला तर?

करू नका. वार्षिक ग्राहकाला वर्षातून एकदाच सोडून जाण्याची संधी असते. समजा २,४०० वार्षिक ग्राहक आहेत, त्यांतले बरेच नुकतेच आलेले, आणि या महिन्यात फक्त १०० जणांचं नूतनीकरण होतं. त्यांतले ३० जण गेले. ३० भागिले २,४०० केलं तर मासिक गळती १.२५% आणि आयुष्य ८० महिने दिसतं. खरा छेद १०० आहे. तिथे गळती ३०% आहे आणि तीच कायम धरली तरी आयुष्य ३.३ वर्षं, म्हणजे ४० महिने येतं. उरलेल्या २,३०० जणांनी राहण्याचा निर्णय घेतलेला नाही. त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही.

वार्षिक ग्राहकांसाठी प्रश्न ७ मधली पद्धत वर्षागणिक चालवा. मासिकवरून वार्षिकवर गेलेल्या ग्राहकाला मासिक योजनेतून 'गेलेला' धरू नका. त्याची ओळ चालू ठेवा आणि रक्कम बदला.

१२. पुढच्या पैशाची आजची किंमत किती फरक पाडते?

दीर्घ आयुष्याच्या ग्राहकांच्या बाबतीत बराच. दरमहा १% दराने किंमत घटवली तर आपल्या उदाहरणातलं २६.७ महिन्यांचं मूल्य १८.५ वर येतं. चंचलांचं मूल्य जवळजवळ बदलत नाही, स्थिरांचं ५० वरून ३३.७ होतं. दर कोणता धरायचा हे तुमचा वित्त विभाग ठरवेल. विश्लेषकाने फक्त तो दर आकड्याशेजारी लिहावा.

१३. ग्राहक 'गेला' कधी धरायचा? कार्ड नाकारलं गेलं, सेवा थांबवली, परत आला, हे कसं मोजायचं?

रद्द करण्याचं बटण दाबल्याची तारीख घेऊ नका. भरलेली मुदत संपली आणि पुढचं शुल्क आलं नाही, ती तारीख घ्या.

कार्ड नाकारलं गेल्यावर बहुतेक सेवा काही दिवस पुन्हा प्रयत्न करतात. ती मुदत संपेपर्यंत निकाल अपूर्ण समजा, नाहीतर चालू महिन्याची गळती नेहमी फुगलेली दिसेल आणि पुढच्या महिन्यात आपोआप खाली येईल. मागच्या महिन्यांचे आकडे सतत बदलताना दिसले तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. स्वतःहून गेलेले आणि पैसे न वळल्याने गेलेले वेगळे मोजा, कारण त्यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत. मूल्य काढताना मात्र दोन्ही गळतीच.

परत येणाऱ्यांसाठी एक नियम ठरवून लिहून ठेवा, उदाहरणार्थ दोन महिन्यांच्या आत परतला तर जुनीच ओळ पुढे चालू, आणि न भरलेले महिने शून्य. त्यानंतर परतला तर नवी ओळ. नियम कोणताही असो, तो मध्येच बदलू नका. मोफत चाचणीचा काळ आयुष्यात धरू नका, घड्याळ पहिल्या भरलेल्या शुल्कापासून सुरू करा.

१४. जुन्या ग्राहकाचं उरलेलं मूल्य नव्या ग्राहकाच्या मूल्यातून झालेले महिने वजा करून मिळतं का?

नाही, आणि ही वजाबाकी फार दिसते. २६.७ वजा १२ करून १४.७ महिने उरले असं लोक धरतात. पण वर्षभर टिकलेल्या ३९९ जणांत ९८% हून जास्त स्थिर आहेत, आणि त्यांचं पुढचं सरासरी आयुष्य सुमारे ४९ महिने आहे. वर्ष भरलेल्या ग्राहकाचं पुढचं मूल्य नव्या ग्राहकाच्या संपूर्ण मूल्यापेक्षा जवळपास दुप्पट आहे. तक्रार निवारणाला किंवा ग्राहक सांभाळायला किती खर्च करायचा हे १४.७ वर ठरवलं, तर सगळ्यात मौल्यवान लोकांवर सगळ्यात कमी खर्च होतो.

१५. छोट्या तुकड्यांवरून हे काढता येतं का?

काढता येतं, पण अनिश्चिततेची मर्यादा सोबत द्या. ५० जणांच्या तुकडीत ८ गेले तर गळती १६% दिसते, पण खरी गळती अंदाजे ६% पासून २६% पर्यंत कुठेही असू शकते. साध्या सूत्रात याचा अर्थ ४ महिने ते १७ महिने. अशा वेळी लागोपाठच्या काही तुकड्या एकत्र करा. त्या एकत्र करण्यासारख्या आहेत का याची तपासणी प्रश्न ७ च्या शेवटी दिली आहे.

१६. सरासरी मूल्य ग्राहक मिळवण्याच्या खर्चापेक्षा जास्त आहे. मग जाहिरात वाढवत राहायला हरकत काय?

हरकत अशी, की वाढवलेल्या जाहिरातीतून येणारे ग्राहक आधीच्यांसारखे असतीलच असं नाही. बहुधा नसतात. जे सहज मिळणारे आणि गरजू होते ते आधीच आलेले असतात.

समजा महिन्याला १,००० ग्राहक येत होते, मूल्य २६.७. जाहिरात वाढवल्यावर आणखी ५०० आले, पण त्यांत ८०% चंचल आणि २०% स्थिर. या नव्यांचं मूल्य १२.७ महिने. पंधराशे जणांची मिळून सरासरी २२ महिने येते. जादा ग्राहक मिळवायला माणशी १५ महिन्यांचं शुल्क खर्च होत असेल, तर २२ विरुद्ध १५ असा हिशेब फायद्याचा दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक जादा ग्राहकामागे २.३ महिन्यांचं शुल्क बुडतं आहे. जुन्यांच्या नफ्यात ते झाकलं जातं.

हे लवकर ओळखण्याचा मार्ग पहिल्या नूतनीकरणात आहे. ग्राहक कुठल्या मार्गाने आला त्यानुसार त्याची ओळ वेगळी ठेवा आणि पहिल्या दोन-तीन नूतनीकरणांची गळती मार्गागणिक पाहा. आधीच्या मार्गावर पहिली गळती १६% होती, नव्यावर ती २४.४% येईल. एका महिन्यातच हा फरक समोर असतो. ५०० जणांच्या तुकडीत तो योगायोगाने येण्यासारखा लहान नाही. मूल्याचा अचूक आकडा हाती येईपर्यंत थांबायची गरज नाही. त्या मार्गावरचा वाढीव खर्च लगेच रोखता येतो, आणि २४ महिन्यांचं मूल्य तयार झालं की पुन्हा तपासता येतो.